कमाल शाश्वत उत्पादन : मासेमारीचे निसरडे गणित

साठा न घटवता दरवर्षी जास्तीत जास्त जितकी मासळी पकडता येते, त्यास ‘कमाल शाश्वत उत्पादन’ म्हणतात. त्याचा आधार लॉजिस्टिक वाढीचे सूत्र आहे. साठा अल्प असता पिलांना जन्म देणारे मासे थोडे असतात. समुद्र भरलेला असता अन्न अपुरे पडते. म्हणून निम्म्या साठ्यावर वाढ सर्वाधिक होते.

समजा, समुद्र १ लाख टन मासळी पोसतो आणि मोकळीक असता ती वर्षाला ४० टक्क्यांनी वाढते. निम्म्या, म्हणजे ५० हजार टनांवर हा वेग २० टक्के राहून १० हजार टनांची भर पडते. तेवढीच पकड कायम ठरवली आणि प्रतिकूल वर्षी साठा ४० हजारांवर आला, तर भर ९,६०० टनांचीच पडते. पकड न घटवल्यास तूट दरवर्षी वाढत जाऊन साठा कोसळतो.

पेरूच्या अँकोव्हीसाठी ही मर्यादा सुमारे ९५ लाख टन मानली गेली होती. १९७० मध्ये १ कोटी २० लाख टनांहून अधिक मासळी पकडली गेली. १९७२ मध्ये एल निनोने समुद्र तापला आणि १९७३ ची पकड २० लाख टनांखाली आली. १९९५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मत्स्यसाठा करारानुसार ही पातळी गाठण्याचे उद्दिष्ट नसून न ओलांडण्याची सीमा आहे.