वसई-विरार परिसरातील अतिभारित मालवाहतूक

अतिभारित मालवाहतूक (बोलीभाषेत 'ओव्हरलोड') म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रात नमूद केलेल्या कमाल एकूण वजनापेक्षा अथवा एखाद्या आसावरील कमाल वजनापेक्षा जास्त वजन घेऊन मालवाहन रस्त्यावर चालवणे. पालघर जिल्ह्यातील वसई-विरार परिसरात हा प्रश्न मुख्यतः दगडखाणींतील खडी, डबर व ग्रिट आणि तानसा नदीच्या काठावरील खानिवडे बंदराची रेती यांच्या वाहतुकीशी निगडित आहे. हा माल ट्रक व टिपरमधून (चालकांच्या भाषेत 'डंपर' किंवा 'हायवा') मुंबई-अहमदाबाद महामार्गाने आणि कामण-चिंचोटी-भिवंडी रस्त्याने मुंबई, ठाणे व भिवंडीच्या बांधकामांकडे जातो. हा महामार्ग पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ८ होता. आता त्याचा क्रमांक ४८ आहे.

ब्रास आणि टन

बांधकामाच्या मालाच्या बाबतीत जादा भाराचे एक मूळ मोजमापाच्या एककात आहे. महाराष्ट्रात खडी, रेती, मुरूम यांचा व्यवहार 'ब्रास' या एककाने होतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. हे आकारमानाचे एकक आहे, वजनाचे नव्हे. ग्राहक ब्रासचे पैसे देतो, शासनाचे स्वामित्वधन ब्रासवर ठरते आणि वाहतूक परवान्यावरही ब्रासच लिहिलेले असतात. मोटार वाहन कायदा मात्र फक्त टन ओळखतो. त्यामुळे परवान्यावरील ब्रास आणि हौद्यातील ब्रास तंतोतंत जुळत असूनही गाडी अतिभारित असू शकते.

एका ब्रासचे वजन मालानुसार बदलते. सुट्या कोरड्या खडीचा एक ब्रास साधारण ४.४ टन भरतो. नदीतून नुकतीच काढलेली ओली रेती दाण्यांमधील पाण्यामुळे ५ टनांच्या आसपास जाते. ट्रकमालक 'पाच ब्रासची गाडी' म्हणतो तेव्हा तो हौद्याचे माप सांगत असतो; त्या गाडीला कायद्याने किती टन नेता येतील, हे त्यातून कळत नाही. हौद्याच्या कडांवर जादा फाळके चढवले की हे माप आणखी वाढते.

वजनाच्या मर्यादा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११३ नुसार नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेले एकूण वजन आणि प्रत्येक आसाचे कमाल वजन या दोन्ही मर्यादा स्वतंत्रपणे पाळाव्या लागतात. केंद्र शासनाने १६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने या मर्यादा वाढवल्या. चार टायरांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन झाली, मागील जोड-आसाची १९ वरून २१ टन, आणि तीन आसांच्या दहाचाकी ट्रकचे एकूण वजन २५ वरून २८.५ टन झाले. एखाद्या गाडीला कोणता आकडा लागू आहे हे तिच्या नोंदणी प्रमाणपत्रावरूनच ठरते. त्यावर २५ टन लिहिले असेल, तर तशाच बनावटीच्या शेजारच्या नव्या गाडीला २८.५ टनांची मुभा असली तरी उपयोग नाही.

समजा, २८.५ टन मर्यादेचा दहाचाकी टिपर आहे आणि तो रिकामा ११.५ टन भरतो. त्याला १७ टन माल नेता येईल. हा माल कोरडी खडी असेल तर पावणेचार ब्रासांहून थोडा अधिक, आणि ओली रेती असेल तर जेमतेम ३.४ ब्रास होतो. त्याच हौद्यात पाच ब्रास खडी भरली की माल २२ टन व एकूण वजन ३३.५ टन होते, म्हणजे ५ टन जादा. पाच ब्रास ओली रेती भरली तर एकूण वजन ३६.५ टनांवर जाते आणि जादा भार ८ टन होतो. दोन्ही वेळा हौदा सारखाच भरलेला दिसेल.

तपासणी आणि वजनकाटा

वजन तपासण्याचा अधिकार कलम ११४ ने परिवहन विभागाच्या व शासनाने प्राधिकृत केलेल्या अन्य अधिकाऱ्यांना दिला आहे. वसई-विरारच्या वाहनांची नोंदणी एमएच-४८ या क्रमांकाने होते. पण तपासणीचा अधिकार रस्त्यावरील कोणत्याही मालवाहनावर चालतो. अधिकाऱ्याला मर्यादाभंग झाला असे मानण्यास कारण असले पाहिजे. हे कारण बहुधा डोळ्यांना दिसते. मागचे पाटे सरळ होऊन उलटे वाकलेले असतात, टायरांच्या बाजू फुगतात, माल फाळक्याच्या वर शिगोशीग असतो आणि रेतीच्या गाडीतून पाण्याची धार रस्त्यावर गळत जाते. असा संशय आल्यास चालकाला पुढच्या मार्गावर १० किलोमीटरच्या आत किंवा गंतव्य स्थानापासून २० किलोमीटरच्या आत असलेल्या काट्यावर गाडी नेण्यास सांगता येते.

संपूर्ण गाडी सामावणाऱ्या काट्यावर एकूण वजन कळते, आसांवर ते कसे वाटले आहे ते कळत नाही. हौद्यात माल मागे ढकलून भरला असेल, तर एकूण वजन २८.५ टनांतच राहूनही मागील जोड-आसावर २१ टनांहून अधिक भार येऊ शकतो. ही चूक एकेक आस स्वतंत्र तोलल्यासच उघड होते. त्यासाठी जमिनीवर ठेवायचे सुटे काटे वापरता येतात. पण जागा समतल हवी आणि चालकाने ब्रेक सोडलेला हवा. चढावर किंवा ब्रेक दाबून ठेवल्यास भार एका आसावरून दुसऱ्यावर सरकतो. मोठ्या काट्याच्या फलाटाखाली चिखल वा दगड अडकल्यास, किंवा एखादे चाक फलाटाबाहेर राहिल्यास पावती कमी वजन दाखवते. म्हणून काट्यावर वैधमापन विभागाच्या पडताळणीची चालू मुद्रा आहे का आणि रिकामा काटा शून्य दाखवतो का, हे आधी पाहिले जाते.

दंड आणि माल उतरवणे

१ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या सुधारणेनंतर कलम १९४ नुसार जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. पूर्वी हेच आकडे २,००० व १,००० रुपये होते. वरील उदाहरणातील खडीच्या गाडीला ३०,००० आणि रेतीच्या गाडीला ३६,००० रुपये दंड होईल. गाडी थांबवण्यास किंवा तोलू देण्यास नकार देणाऱ्या चालकाला ४०,००० रुपये दंड आहे. म्हणजे जादा भार बरोबर १० टन असेल तेव्हा दोन्ही दंड सारखे होतात, आणि त्यापुढे तोलण्यापेक्षा नकार देणे कागदावर स्वस्त पडते. ही त्रुटी लहान नाही. नकाराचा दंडही भाराशी जोडलेला असता तर ती राहिली नसती.

चालक स्वतः मालक नसेल, तर गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा आदेशाने घडला असे न्यायालय कलम ११३ खाली गृहीत धरू शकते. गाडी तशी चालवू देणारा किंवा चालवण्यास भाग पाडणाराही कलम १९४ च्या कक्षेत येतो.

दंड भरला म्हणून गाडी तशीच पुढे नेता येत नाही. जादा माल उतरवून घेणे बंधनकारक आहे, त्याचा खर्च वाहनधारकावर पडतो आणि उतरवलेल्या मालाची जोखीमही त्याचीच असते. सर्वोच्च न्यायालयाने परमजित भसीन विरुद्ध भारत सरकार (२००५) या निकालात हीच भूमिका घेतली. तडजोड शुल्क भरणे हा जादा भार नेण्याचा परवाना ठरत नाही. प्रत्यक्षात सर्वांत अवघड पायरी हीच आहे. उदाहरणातील ५ टन खडी म्हणजे एक ब्रासहून जास्त ढीग होतो. तो महामार्गाच्या कडेला ओतला तर दुचाकीस्वारांना नवा धोका होतो, आणि तो उचलायला लोडर व दुसरी गाडी लागते. काट्याजवळ माल उतरवण्याचे आवार नसेल, तर कायद्याचा हा भाग अंमलात आणणे जवळपास अशक्य होते.

रस्त्याची हानी

भार आणि रस्त्याची झीज यांचे प्रमाण सरळ नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा येथे १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या रस्ता-चाचण्यांतून 'चतुर्थ घाताचा नियम' पुढे आला. आसावरील भार दुप्पट झाला तर हानी सुमारे सोळापट होते. वरील खडीच्या गाडीत जोड-आसावर २१ ऐवजी २६ टन आले असे धरू. भार सव्वापटीहून किंचित कमी वाढला, पण त्या आसाने केलेली हानी सुमारे २.३५ पट झाली. नेलेला माल मात्र केवळ १.३ पट आहे. ओल्या रेतीच्या गाडीत २९ टन आले, तर हानी साडेतीन पटींहून अधिक होते. हा नियम सरासरीचा आहे. पावसाळ्यात भिजून मऊ झालेल्या पायावर प्रत्यक्ष हानी त्याहूनही जास्त होऊ शकते.

डांबरी रस्त्यावर ही हानी प्रथम डाव्या मार्गिकेत चाकांच्या रेषेतील लांबट खोलगट चरांच्या रूपाने दिसते. त्यानंतर मगरीच्या पाठीसारख्या जाळीदार भेगा पडतात, त्यांतून पाणी शिरते आणि खड्डे होतात. केवळ वरचा थर खराब असेल तर चर उथळ राहतात. खोल चर व जाळीदार भेगा एकत्र दिसल्यास खालचे थर खचल्याचे समजावे. दहिसर ते अच्छाड या टप्प्यात महामार्गावर २०२३ च्या अखेरीपासून काँक्रीटचा थर घालण्यात आला. काँक्रीटवर चर पडत नाहीत. पण जादा भाराने फलकांचे कोपरे तुटतात आणि सांध्यांतून चिखलपाणी वर फेकले जाते.

पुलांचा प्रश्न वेगळा आहे, कारण तेथे गाडीच्या एकूण वजनालाही महत्त्व असते. वसई खाडीवरील जुन्या वरसोवा पुलाच्या तुळईत डिसेंबर २०१३ मध्ये तडा आढळल्यावर अवजड वाहनांना तेथे बंदी घालावी लागली होती. नवा पूल मार्च २०२३ मध्ये खुला झाला.

ब्रेकवरील परिणाम

धावत्या गाडीची गतिज ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते आणि थांबताना ती सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन उतरते. हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची कमाल ताकद मात्र ठरलेली असते. वजन वाढले म्हणून ती वाढत नाही. २८.५ टनांची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगात पूर्ण ब्रेक लावल्यावर दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद इतका वेग गमावते असे धरले, तर ती सुमारे २८ मीटरांत थांबते. तितक्याच ब्रेकवर ३६.५ टनांच्या गाडीला साडेपस्तीस मीटर लागतात. चालकाच्या प्रतिक्रियेच्या एका सेकंदात जाणारे जवळपास १७ मीटर दोन्हींत वेगळे मिळवायचे. वसई फाटा, सातिवली, चिंचोटी येथे पुढची वाहने अचानक थांबतात तेव्हा हा साडेसात मीटरांचा फरक म्हणजे पुढची एक संपूर्ण मोटार असते.

उतारावर धोका निराळ्या स्वरूपाचा असतो. घोडबंदर रस्त्यावरील गायमुख घाटासारख्या उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला तर ड्रम तापून प्रसरण पावतो आणि ब्रेकच्या पट्ट्यांपासून दूर जातो; तापलेल्या पट्ट्यांची पकडही घटते. चालकाला पेडल नेहमीसारखे लागते, पण गाडी हळू होत नाही. जळक्या पट्ट्यांचा वास आणि चाकांतून निघणारा धूर ही त्याची आधीची खूण आहे. अशा वेळी गाडी सुरक्षित जागी थांबवून ड्रम आपोआप निवू द्यावे लागतात. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतल्यास त्याला तडे जाऊ शकतात. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकून इंजिनाचा रोध वापरल्यास ब्रेकवरील ताण कमी होतो. जादा भाराच्या गाडीत हा रोधही अपुरा पडतो, कारण तोही त्या गाडीच्या मंजूर वजनाचा हिशोब धरूनच ठरवलेला असतो.