वेसनचे चार पत्ते

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांचे १९६६चे कोडे. टेबलावर अ, क, ४, ७ असे चार पत्ते. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसरीकडे अंक. नियम: स्वरामागे सम अंक असतोच. तपासायला कोणते पत्ते उलटायचे?

बहुतेक जण अ आणि ४ उचलतात. पण ४ मागे क निघाला तरी नियम मोडत नाही. ७ मागे स्वर निघाला, तर मोडतो. म्हणून अ आणि ७.

‘दही खाल्ले की सर्दी होतेच’ हे तपासताना सर्दीवाल्यांची चौकशी म्हणजे ४ उलटणे. विचारायचे ठणठणीत माणसांना: काल दही खाल्लेत?