काम रखडलं ६० दिवस, मुदतवाढ किती दिवसांची? बांधकाम करारातल्या विलंबाचा हिशेब

सरकारी इमारतीचं काम लांबलं की ठेकेदार पावसाकडे बोट दाखवतो आणि खातं ठेकेदाराकडे. करार मात्र एकच विचारतो : उशीर कुणामुळे झाला, आणि त्यामुळे शेवटची तारीख खरोखर पुढे गेली का?

ज्या कारणावर ठेकेदाराचा ताबा नव्हता आणि ज्याचा अंदाज त्याला टेंडर भरताना येणं शक्य नव्हतं, तो विलंब क्षम्य. त्याला मुदतवाढ मिळते. जागा ताब्यात न देणं, नकाशे उशिरा देणं, असामान्य पाऊस, दंगल ही यातली नेहमीची कारणं. माल वेळेवर न मागवणं, मजूर कमी लावणं, हाताखालच्या ठेकेदाराची दिरंगाई हा सगळा अक्षम्य विलंब. त्याच्यावर दंड लागतो.

क्षम्य विलंबातही दोन प्रकार आहेत. मालकाच्या चुकीने उशीर झाला तर मुदतीबरोबर खर्चही मागता येतो, करारात त्याला मनाई नसेल तर. निसर्गामुळे झाला तर साधारणपणे फक्त दिवस मिळतात, पैसे नाहीत.

समजा, बेळगाव तालुक्यात ८० लाखांची शाळेची इमारत आहे. मुदत २४० दिवस, काम सुरू मार्चमध्ये. दंड दिवसाला ५,००० रुपये, कमाल मर्यादा कराराच्या १० टक्के. काम ६० दिवस उशिरा संपलं.

पायाचा नकाशा खात्याकडून २० दिवस उशिरा आला. तोवर साइटवर करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं, त्यामुळे २० दिवस पूर्ण क्षम्य. पुढे पावसात १८ दिवस काम बंद राहिलं. पण बेळगावात जून-जुलैला पाऊस पडणारच. जवळच्या पर्जन्यमापक केंद्राच्या मागच्या काही वर्षांच्या नोंदींवरून एवढ्या काळात सरासरी १० दिवस काम बंद पडतं असं निघालं, तर ते १० दिवस ठेकेदाराने वेळापत्रकात आधीच धरायला हवे होते. त्याने धरले नव्हते. म्हणून क्षम्य फक्त ८. सळई वेळेवर मागवली नाही म्हणून १५ दिवस गेले, ते सरळ अक्षम्य.

शेवटी फरशीचा नमुना मंजूर करायला खात्याने १४ दिवस जास्त लावले. दावा लिहिताना इथेच बहुतेकांची चूक होते. त्यातले पहिले ७ दिवस गिलावा चालूच होता, फरशीची गरजच नव्हती. इमारतीची तारीख त्यामुळे ७ दिवसच पुढे गेली. खात्याची चूक १४ दिवसांची असली तरी मुदतवाढ ७ दिवसांचीच.

ठेकेदाराने सळईचं नाव न काढता २०, १८ आणि १४ मिळून ५२ दिवस मागितले. हिशेबाने २०, ८ आणि ७ असे ३५ मिळतात. उरलेल्या २५ दिवसांचा दंड १,२५,००० रुपये. खात्यामुळे गेलेले दिवस २७. इंजिनिअर, वॉचमन, मशीनभाडं असा साइटचा खर्च रोज ४,००० धरला आणि करार देत असेल, तर ठेकेदाराला १,०८,००० मिळतात. वजाबाकीनंतर तो १७,००० देणं लागतो. सगळे ६० दिवस त्याच्या माथी मारले असते तर हा आकडा ३ लाख झाला असता.

यात एक वादाची जागा राहतेच. नकाशा वेळेवर आला असता तर पाया पावसाआधी भरून झाला असता, आणि पावसाळ्यातले ते १० दिवसही खात्यामुळेच गेले, असं ठेकेदार म्हणू शकतो. मुद्दा चुकीचा नाही. पण तो सिद्ध करायला कामाच्या सुरुवातीला मंजूर झालेलं वेळापत्रक लागतं. नंतर बसून केलेलं चालत नाही. उलट, नकाशाची वाट पाहण्याच्या २० दिवसांतही सळई साइटवर नव्हती असं खात्याने दाखवलं, तर मुदतवाढ सहसा टिकते, पण त्या दिवसांचा खर्च मागणं अवघड होतं.

म्हणून नोंदी महत्त्वाच्या. साइटवरच्या हिंडरन्स रजिस्टरमध्ये अडथळा कधी सुरू झाला आणि कधी संपला हे दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी लागतं. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या, म्हणजे सीपीडब्ल्यूडीच्या सर्वसाधारण अटींत कलम ५ खाली मुदतवाढीचा अर्ज अडथळा आल्यापासून १४ दिवसांत करायचा असतो. राज्यांच्या करारांत ही मुदत वेगळी असू शकते, तेव्हा आपला करार उघडून पाहावा. काम संपल्यावर बिलाबरोबर जोडलेला अर्ज बहुतेक वेळा इथेच अडकतो.

मालकालाही नियम आहे. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ५५ नुसार, जिथे वेळ हा कराराचा गाभा आहे तिथे ठेकेदाराकडून उशिरा झालेलं काम मालकाने मान्य करून स्वीकारलं, तर नुकसानभरपाई मागायचा हक्क राखून ठेवल्याची सूचना त्याच वेळी द्यावी लागते. मुदतवाढीच्या पत्रात 'दंडाचा हक्क राखून' ही ओळ असते ती याचसाठी.