डास चावल्यावर उठणारी गांध विषाणूच्या पथ्यावर कशी पडते?

साताऱ्यातलं माण-खटाव असो की सांगलीतलं जत-आटपाडी, या दुष्काळी पट्ट्यात पाणी घरात साठवूनच ठेवावं लागतं. एडीस इजिप्ती डासाला अंडी घालायला नेमकं असंच बॅरलमधलं स्वच्छ पाणी आवडतं. डेंग्यू, चिकनगुनिया आणि झिका हे तिन्ही विषाणू तो पसरवतो. चावते ती फक्त मादी, कारण अंड्यांसाठी तिला रक्त लागतं.

तिच्या सोंडेत दोन वेगळ्या नळ्या असतात. एकीतून रक्त वर येतं, दुसरीतून लाळ आत जाते. लाळ का सोडायची? तर जखम झाली की आपलं रक्त लगेच गोठायला लागतं. लाळेतलं अपायरेज नावाचं प्रथिन प्लेटलेट्सना एकत्र बोलावणारा रासायनिक निरोपच तोडून टाकतं. डी-७ गटातली प्रथिनं हिस्टामिनला पकडून ठेवतात, म्हणून सोंड आत असताना आपल्याला पत्ताही लागत नाही. खाज सुटते ती नंतर, शरीराने ही परकी प्रथिनं ओळखल्यावर. तान्ह्या बाळाला पहिल्यांदाच डास चावला तर बऱ्याचदा गांध उठतच नाही, कारण ओळखच झालेली नसते.

खरी गोम पुढे आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत तेवढाच विषाणू नुसत्या सुईने टोचला आणि डास चावलेल्या जागी टोचला, तर चावलेल्या जागी तो जास्त वाढला. २०१६ साली याचं एक कारण समोर आलं. सुजेमुळे विषाणू त्याच जागी अडकून राहतो. तिथे आधी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्यांच्यामागून दुसऱ्या रक्षक पेशी येतात. विषाणू या दुसऱ्या पेशींतच शिरून वाढतो. म्हणजे मदतीला आलेलेच त्याचं घर होतात!

मग ही सूज नेमकी आणतं कोण? २०२२ मध्ये लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी एडीसच्या लाळेतल्या सायलोकायनिनकडे बोट दाखवलं. ते रक्तवाहिनीची भिंत सैल करतं आणि त्यातून द्रव व पेशी बाहेर झिरपतात. मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलीसच्या लाळेत ते नसतं, आणि त्या लाळेने विषाणूला असा हातभार लागलाही नाही.

अर्थात, हे बहुतेक पुरावे उंदरांवरचे आहेत. शिवाय लाळेतलं प्रत्येक प्रथिन विषाणूच्या बाजूचं नसतं. डी-७ मधलं एक प्रथिन प्रयोगशाळेत डेंग्यूच्या विषाणूलाच चिकटून त्याला रोखताना दिसलं आहे.

आणि गांध मोठी म्हणजे डास विषाणूवाला, असं अजिबात नाही. निरोगी डासाची लाळही तितकीच खाजवते. डेंग्यूचा ताप चावल्यानंतर साधारण ४ ते १० दिवसांनी येतो, तोवर गांध बहुधा विरूनही गेलेली असते.