धावण्याचा ऊर्जाखर्च
धावताना एक किलोमीटर अंतरासाठी शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे साधारण १ किलोकॅलरी खर्च होते. विश्रांतीचा खर्च यात धरलेला नाही. सपाट रस्त्यावर वेग बदलला तरी हा आकडा फारसा बदलत नाही, असे इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ रोदोल्फो मार्गारिया व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दाखवले.

दिल्ली हाफ मॅरेथॉनचे २१.१ किलोमीटर घ्या. ६० किलो वजनाचा धावपटू दीड तासात पोहोचो वा अडीच तासात, खर्च सुमारे १,२७० किलोकॅलरी. फरक दरात पडतो: पहिल्याला तासाला सुमारे ८४५, दुसऱ्याला ५०५. दम लागतो तो या दरामुळे.

वेग वाढला की पाऊल जमिनीवर कमी वेळ टेकते. तेवढ्यात वजन पेलायला स्नायूंना बळ झटपट निर्माण करावे लागते, म्हणून सेकंदाचा खर्च वाढतो. पण अंतर त्याच प्रमाणात लवकर संपते. संशोधक क्रॅम व टेलर यांचे हे स्पष्टीकरण १९९० चे.

विश्रांतीचा खर्च धरला, तर हळू धावणाऱ्याचे त्या जादा तासाचे सुमारे ६० किलोकॅलरी वाढतात. चढ, समोरचा वारा आणि चालणे यांना हा नियम लागू नाही. रमतगमत चालण्याचा खर्च बराच कमी असतो.