योगवर्गाच्या फीची परवानगी

‘पुढच्या महिन्यापासून फी दर पाच तारखेला आपोआप जमा होईल, सोबतच्या लिंकवर जाऊन एकदा मंजुरी द्या,’ असा ईमेल आता पुण्यातल्या योगवर्गांच्या विद्यार्थ्यांना येऊ शकतो. वरवर पाहता त्यात शिक्षिकेची सोय दिसते: महिनाअखेरीला कोणाची फी राहिली हे विचारत बसायला नको. पण या ईमेलची कुळकथा सोयीची नाही, परवानगीची आहे. रोख, चेक किंवा क्यूआर कोड यांत विद्यार्थी पैसे देतो. नव्या पद्धतीत शिक्षिका विद्यार्थ्याच्या खात्यातून पैसे मागवून घेते. दुसऱ्याला आपल्या खात्यात हात घालू द्यायचा तर त्या हाताला मर्यादा कुठे, हा प्रश्न सोडवतच ही पद्धत घडली आहे.

तिचा पूर्वज म्हणजे रिझर्व्ह बँकेने १९९०च्या दशकात आणलेली ईसीएस. विजेचं बिल, विम्याचा हप्ता, कर्जाचा हप्ता यांसाठी ग्राहक कागदी फॉर्मवर सही करायचा, सोबत रद्द केलेला चेक जोडायचा आणि बँक सही पडताळायची. पुढे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने हेच काम नॅच या यंत्रणेकडे नेलं. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालू लागली. मात्र हा सगळा थाट मोठ्या संस्थांचा होता. तीस-चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गासाठी एवढी कागदपत्रं कोण करणार? शिवाय दिलेली परवानगी मागे घ्यायची तर पुन्हा लेखी अर्ज आला. त्यामुळे लहान वर्गांसाठी रोख आणि चेक हेच मार्ग उरले.

वळण आलं ते २१ ऑगस्ट २०१९च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने. ते कार्डांपुरतं होतं, जानेवारी २०२० मध्ये यूपीआयलाही लागू झालं आणि त्याच वर्षी जुलैत यूपीआय ऑटोपे सुरू झालं. त्या नियमांचा गाभा असा: मंजुरी देताना ग्राहकाची पूर्ण ओळख पटवायची, पैसे काढण्याच्या किमान २४ तास आधी त्याला रक्कम आणि तारीख कळवायची, आणि तो एक हप्ता किंवा सगळी परवानगीच नाकारण्याची सोय द्यायची. या सोयीसाठी ग्राहकाकडून शुल्क घ्यायचं नाही. पुन्हा पिन न मागता काढता येणारी रक्कम आधी २,००० रुपये होती, ती वाढत जून २०२२ मध्ये १५,००० झाली. वर्गाची मासिक फी या चौकटीत सहज बसते.

म्हणून ईमेलमध्ये लिंकइतकाच महत्त्वाचा असतो तो तपशील. समजा फी १,५०० रुपये आहे. लिंक उघडल्यावर विद्यार्थ्याच्या यूपीआय ॲपमध्ये पैसे घेणाऱ्याचं नाव, रक्कम, किती दिवसांनी, कधीपासून आणि कधीपर्यंत हे दिसतं. ते वाचून एकदा यूपीआय पिन टाकला की मंजुरी नोंदली जाते. इथे रक्कम ‘ठरलेली’ आहे की ‘कमाल’ हे पाहायलाच हवं. ठरलेली १,५०० असेल तर फी १,७०० झाल्यावर नवी मंजुरी घ्यावी लागते. कमाल ५,००० असेल तर शिक्षिकेला सूचना देऊन १,७०० काढता येतात, पिन पुन्हा लागत नाही. फी क्वचितच बदलत असेल तर ठरलेली रक्कमच घ्यावी. वाढ सांगून मंजुरी घेण्याचा त्रास शिक्षिकेने सोसावा, तो योग्यच आहे. आणखी एक अडचण शिक्षिकेच्या बाजूची आहे: भिंतीवर चिकटवलेल्या खासगी क्यूआर कोडवर ही व्यवस्था उभी राहत नाही. तिला बँकेकडून किंवा पेमेंट गेटवेकडून व्यावसायिक खातं घ्यावं लागतं, आणि त्याचं शुल्क आधी विचारून घेतलेलं बरं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मे महिन्यात गावी गेलेल्या विद्यार्थ्याने न घेतलेल्या वर्गांचे पैसे का द्यावेत? पूर्वी तो फी देतच नसे आणि विषय संपायचा. आता काही न केल्यास पैसे जातात. म्हणजे आठवण ठेवण्याचा भार शिक्षिकेकडून विद्यार्थ्याकडे सरकतो. चोवीस तास आधीची सूचना हे त्यावरचं उत्तर, पण ती बँकेच्या इतर संदेशांत हरवते. म्हणून रजेचा नियम, रजा कोणत्या तारखेपर्यंत कळवायची आणि ॲपमधून ऑटोपे कसं थांबवायचं हे ईमेलनेच सांगायला हवं. दुसऱ्याला आपल्या खात्यात हात घालू देण्याची ज्येष्ठांची भीतीही खरी आहे. त्यांच्यासाठी जुनी वाट उघडी आहे: स्वतःच्या बँकेला दर पाच तारखेला १,५०० रुपये पाठवण्याची स्थायी सूचना देणं. त्यात पैसे ते स्वतः पाठवतात, शिक्षिकेच्या हाती परवानगी जात नाही. फक्त फी वाढली की सूचना त्यांनाच बदलावी लागते, नाहीतर जुनीच रक्कम येत राहते. उरतो प्रश्न मुदतीचा. ॲपमधली शेवटची तारीख कित्येक वर्षं पुढची असेल, तर वर्ग सोडलेल्याची परवानगीही जिवंत राहते. ती तारीख आर्थिक वर्षाइतकी, म्हणजे ३१ मार्चपर्यंत ठेवावी आणि एप्रिलमध्ये नव्याने मंजुरी मागावी.