कीटकनाशक ते कर्करोगावरील औषध : मायटोटेन आणि १४ ते २० या आकड्यांचा इतिहास

१/ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डीडीटी हे नाव घरोघरी पोहोचले. त्याचे कीटकनाशक गुण ओळखणाऱ्या पॉल म्यूलर यांना १९४८ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. याच डीडीटीचे एक जवळचे भावंड होते, डीडीडी. तेही कीटकनाशकच. आजचा धागा या भावंडाविषयी आहे, कारण एका दुर्मीळ कर्करोगावरील औषध त्यातूनच निघाले.

२/ अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील नेल्सन आणि वुडर्ड यांनी कुत्र्यांना डीडीडी खाऊ घालून त्याची विषबाधा तपासली. १९४९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष अनपेक्षित होता. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींचे बाह्य आवरण, म्हणजे कॉर्टेक्स, आक्रसून गेले होते. यकृतालाही इजा झाली होती. परंतु लक्ष वेधून घेतले ते या ग्रंथींच्या नाशानेच.

३/ या आवरणाचे काम काय? ते कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरके तयार करते. पहिले आजारपण, जखम, उपास अशा प्रसंगी शरीराला तोलून धरते. दुसरे रक्तातील मीठ व रक्तदाब सांभाळते. ही ग्रंथी निकामी झाल्यास मृत्यू ओढवतो, हे लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ सालीच दाखवून दिले होते.

४/ मग हे विष औषध कसे ठरले? याच आवरणात क्वचित कर्करोग उद्भवतो. जो पदार्थ निरोगी कॉर्टेक्स नष्ट करतो, तो त्यातूनच उपजलेल्या गाठीलाही मारील, हा तर्क सरळ होता. १९५८ साली क्वेटो आणि ब्राउन यांनी बाजारातील अशुद्ध डीडीडीतून खरा प्रभावी घटक वेगळा केला : ऑर्थो-पॅरा डीडीडी. त्यालाच पुढे मायटोटेन हे नाव मिळाले.

५/ १९६० साली बर्गेनस्टाल, हर्ट्झ आणि सहकाऱ्यांनी रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. काहींच्या पसरलेल्या गाठी आकसल्या होत्या. १९७० साली अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. मात्र कुत्र्यांमध्ये दिसलेला मूळ दोष तसाच राहिला : हे औषध गाठ आणि निरोगी ग्रंथी यांत भेद करीत नाही.

६/ येथे कालक्रम पाहण्याजोगा आहे. कॉर्टिझोन हे संप्रेरक रुग्णाला पहिल्यांदा दिले गेले १९४८ साली. त्यामागील संशोधनाला १९५० साली नोबेल मिळाले. म्हणजे ग्रंथी नष्ट करणारा पदार्थ आणि तिची उणीव भरून काढणारी गोळी जवळजवळ एकाच वेळी हाती आली. दुसरी नसती, तर पहिलीचा उपयोग रुग्णाला मारण्यापलीकडे फारसा झाला नसता.

७/ परंतु उणीव भरण्याचा हिशेब सोपा नव्हता. अधिवृक्क ग्रंथी निकामी झालेल्या माणसाला एरवी दिवसाला साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिझोन पुरते. मायटोटेन घेणाऱ्यांना ते अपुरे पडे. कारण हे औषध यकृतातील विघटन करणारी विकरे वाढवते, आणि बाहेरून दिलेले हायड्रोकॉर्टिझोनही झपाट्याने नाहीसे होते. १९८७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ही वाढीव गरज स्पष्ट केली. आज अनेकांना ५० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक मात्रा लागते.

८/ त्यात आणखी एक फसगत आहे. मायटोटेनमुळे कॉर्टिसॉलला रक्तात वाहून नेणारे प्रथिन वाढते. त्या प्रथिनाला बांधलेले कॉर्टिसॉल पेशींच्या उपयोगाचे नसते, तरीही नेहमीच्या तपासणीत ते मोजले जाते. म्हणून अहवालात आकडा उत्तम दिसतो आणि रुग्ण मात्र संप्रेरकावाचून गळून जात असतो.

९/ दुसरा प्रश्न : औषध किती द्यायचे? सुरुवातीच्या दशकांत काहींना दिवसाला आठ-दहा ग्रॅमपर्यंत दिले जाई, आणि मळमळ व तोल जाणे यांमुळे अनेक जण ते सोडून देत. १९८४ साली नेदरलँड्समधील व्हॅन स्लूटेन यांच्या गटाने गोळ्या मोजण्याऐवजी रक्तातील औषध मोजले. पातळी लिटरला १४ मिलिग्रॅमच्या वर गेलेल्यांतच प्रामुख्याने गाठी आकसल्या होत्या. २० च्या वर मज्जासंस्थेचे दुष्परिणाम वाढतात. ‘१४ ते २०’ ही चौकट अशी जन्मली.

१०/ हे सारे एकत्र कसे येते, ते एका कल्पित रुग्णेवरून पाहू. चाळिशीतील स्त्री, डाव्या ग्रंथीतील गाठ शस्त्रक्रियेने काढली, उजवी ग्रंथी निरोगी. रोग उलटू नये म्हणून मायटोटेन सुरू झाले. ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या हळूहळू वाढवत रोज सहावर आणल्या, आणि सोबत हायड्रोकॉर्टिझोन २० मिलिग्रॅम. तिसऱ्या आठवड्यात रक्तातील पातळी ४, सातव्यात ९.

११/ याच सुमारास तिला मळमळ, थकवा आणि उभे राहताच भोवळ येऊ लागली. मायटोटेनचा त्रास की कॉर्टिसॉलची उणीव? मळमळ दोहोंतही होते. परंतु पातळी अवघी ९. उभे राहताच रक्तदाब उतरतो. रक्तातील सोडियम कमी. एकूण कॉर्टिसॉलचा आकडा ठीक होता, पण त्यावर विसंबता येत नव्हते. मायटोटेन थांबवले नाही. हायड्रोकॉर्टिझोन ५० वर नेले. काही दिवसांत ती सावरली. तिसऱ्या महिन्यात पातळी १५ झाली.

१२/ सहाव्या महिन्यात चित्र उलटले. बोलणे अडखळू लागले, चाल डळमळली, पातळी २२. आता मायटोटेन काही काळ थांबवून पुढे कमी मात्रेने देणे आवश्यक ठरले. मात्र हे औषध चरबीत साठते. निम्मे होण्यास १८ ते १५९ दिवस लागू शकतात. म्हणून आकडा सावकाश उतरतो, आणि गोळ्या थांबल्या तरी हायड्रोकॉर्टिझोन थांबवता येत नाही. ताप आल्यास त्याची मात्रा वाढवावी लागते. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर इंजेक्शनावाचून गत्यंतर नसते.

१३/ अशा चढ-उतारांसाठीच आरंभी दर तीन-चार आठवड्यांनी आणि पातळी स्थिरावल्यावर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासतात. नमुना शेवटच्या गोळीनंतर किमान १२ तासांनी, म्हणजे सकाळची गोळी घेण्याआधी घेतला जातो. अन्यथा आकडा फसवा उंच येतो. अल्डोस्टेरॉनची उणीव बहुधा उशिरा जाणवते. तेव्हा फ्लुड्रोकॉर्टिझोनची जोड द्यावी लागते.

१४/ शस्त्रक्रियेनंतर हा सारा खटाटोप सार्थ ठरतो का? २००७ साली तेर्झोलो आणि सहकाऱ्यांनी इटली व जर्मनीतील जुन्या नोंदी तपासल्या. मायटोटेन घेतलेल्या ४७ जणांत रोग न उलटण्याचा मध्यक काळ ४२ महिने होता. न घेतलेल्या इटालियन गटात १०, जर्मन गटात २५. परंतु हे चिठ्ठ्या टाकून केलेले वाटप नव्हते. तसे वाटप केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२३ साली आला : गाठ पूर्ण निघालेल्या आणि पुनरुद्भवाचा धोका कमी असलेल्या रुग्णांत लक्षणीय लाभ आढळला नाही. त्यामुळे आज शस्त्रक्रियेनंतरचे मायटोटेन मुख्यतः अधिक धोका असलेल्यांना सुचवले जाते.

१५/ १९४९ साली कुत्र्यांच्या शवविच्छेदनात जे दिसले, तेच मायटोटेन घेणाऱ्या रुग्णाच्या उरलेल्या निरोगी ग्रंथीतही घडत असते. फरक इतकाच की रुग्णाच्या हाती हायड्रोकॉर्टिझोन आहे आणि तिच्या रक्तातील औषधाचा आकडा कुणीतरी नियमाने पाहत आहे. यांपैकी एक जरी सुटले, तर मायटोटेन पुन्हा त्याच्या मूळ रूपात, विषाच्या रूपात, समोर येते.